शेतकऱ्याचा बैल की शेतकऱ्याचे बैल? काना-मात्रेच्या फरकाने बातमी कशी फिरते

गेल्या वळवाच्या पावसात आमच्या शेजारच्या गावात वीज पडली. बांधावरच्या लिंबाखाली बैलजोडी बांधलेली होती. मला पहिला फोन आला तेव्हा सांगणाऱ्याने एकच बैल गेल्याचं सांगितलं. मी शेतातच होतो, तिथेच बांधावर बसून मोबाईलवर मथळा टाकला : ‘वीज पडून शेतकऱ्याचा बैल ठार’. अर्ध्या तासाने कळलं की दुसराही गेला. मी आत बातमीत ‘दोन्ही बैल’ असं दुरुस्त केलं, पण मथळा बदलायचा राहून गेला.

आता व्हॉट्सॲपवर फिरतो तो मथळाच. बातमी उघडून वाचणारे किती असतात ते तुम्हाला माहीत आहेच. दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याचा फोन आला. म्हणाला, “दादा, माझी जोडी गेली अन् तुम्ही एकच बैल लिहिला. इथं पारावर लोक म्हणतात, बातमीत एक अन् पंचनाम्यात दोन कसे?” पंचनाम्यात तलाठ्याने आणि जनावरांच्या डॉक्टरांनी आकडा लिहिलेला होता, त्यामुळे मदतीच्या कागदाला काही धक्का लागला नाही. पण ज्याच्या दावणीचे दोन बैल गेले त्यालाच गावात खुलासा देत फिरावं लागलं, आणि त्याला कारण होता माझा एक काना. ‘चा’चा काना काढून मात्रा दिली असती, ‘शेतकऱ्याचे बैल ठार’ केलं असतं, तर हे झालं नसतं.

तेव्हापासून मी या चा, ची, चे, च्याकडे जरा नीट बघायला लागलो. बारावीपर्यंत व्याकरण पाठ केलं होतं, पण ते मार्कांसाठी. त्यातलं जे आपल्या रोजच्या मेसेजला, अर्जाला, बातमीला लागतं तेवढंच आज सांगतो.

‘चा’चं तोंड पुढे असतं

‘शेतकऱ्याचा बैल’ यात मालक शेतकरी आहे. ‘चा’ चिकटलाय शेतकऱ्याला. पण तो ऐकतो बैलाचं. मालक पुरुष आहे की बाई याच्याशी ‘चा’ला काही देणंघेणं नाही. सखूचा बैल, सखूची गाय, सखूचं वासरू. गणपतचा बैल, गणपतची गाय, गणपतचं वासरू. सखू असो की गणपत, बैल पुरुषलिंगी म्हणून चा, गाय स्त्रीलिंगी म्हणून ची, वासरू नपुंसकलिंगी म्हणून चे, बोलताना चं. म्हणजे मागे मालक आणि पुढे वस्तू, आणि मधला ‘चा’ पुढे बघून आपलं रूप ठरवतो.

पुढची वस्तू एकाहून जास्त झाली की पुन्हा रूप बदलतं. सखूचे बैल, सखूच्या गाई, सखूची वासरं. हे आपण बोलताना कधीच चुकत नाही. बालवाडीतलं पोरही ‘माझी बैल’ म्हणणार नाही.

विशेषणाचंही अगदी असंच आहे. काळा बैल, काळी गाय, काळं वासरू. काळे बैल, काळ्या गाई, काळी वासरं. चा-ची-चे आणि काळा-काळी-काळे ही एकाच साच्यातली रूपं आहेत. शाळेत आपल्याला ‘चा’ हा षष्ठीचा प्रत्यय म्हणून शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण इतर प्रत्ययांशी ताडून बघा. ‘शेतकऱ्याला’ मधला ‘ला’ पुढे गाय येवो की बैल, बदलत नाही. ‘शेतकऱ्याने’ मधला ‘ने’ बदलत नाही. बदलतो तो फक्त चा, कारण ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द बैलाची माहिती सांगतो, जशी ‘काळा’ हा शब्द सांगतो. म्हणून त्याची वागणूक विशेषणासारखी.

बैल हा शब्द स्वतः काही सांगत नाही

आता मुद्द्यावर येतो. घोडा एक असला की घोडा, जास्त असले की घोडे. रेडा-रेडे, गोठा-गोठे. इथे शब्दच सांगतो की एक की अनेक. गाय-गाई, म्हैस-म्हशी, शेळी-शेळ्या, हेही स्पष्ट. पण बैल? एक बैल, दोन बैल, शंभर बैल. शब्द तसूभर हलत नाही. बोकड तसाच, उंट तसाच, हत्ती तसाच. माणसांत बघा : एक शेतकरी, दहा शेतकरी. एक भाऊ, चार भाऊ. जे पुरुषलिंगी शब्द ‘आ’ने संपत नाहीत, ते अनेकवचनात तसेच राहतात.

मग बैल एक की अनेक हे ऐकणाऱ्याला कळतं कशावरून? आजूबाजूच्या शब्दांवरून. एक तर आकडा, नाहीतर क्रियापद (‘बैल मेला’, ‘बैल मेले’), नाहीतर चा-चे, नाहीतर विशेषण. मथळ्यात आकडा नसतो, क्रियापद बहुतेक वेळा गाळलेलं असतं. माझ्या मथळ्यात ‘ठार’ होतं, आणि ठार हा शब्दही एक असो की दहा, तोच राहतो. म्हणजे ‘वीज पडून शेतकऱ्याचा बैल ठार’ या पाच शब्दांत संख्या सांगणारी एकच जागा होती, ‘चा’. आणि तीच चुकली.

विशेषणाने मदत केली असती का? ती कोणतं विशेषण आहे त्यावर. काळा, पांढरा, तांबडा, मोठा, म्हातारा, दुभता ही ‘आ’ने संपणारी विशेषणं पुढच्या नामाप्रमाणे बदलतात. तांबडा बैल, तांबडे बैल. पण लाल? लाल बैल एकही असतो आणि दहाही. लहान, जड, गाभण, भाकड, खिल्लार, देशी, मयत, जखमी, बेवारस, हे कुठलेच हलत नाहीत. गंमत अशी की तांबडा आणि लाल म्हणजे रंग जवळपास तोच, पण एक शब्द संख्या सांगतो, दुसरा सांगत नाही.

आता हे बघा : ‘लाल खिल्लार बैल मयत’. चार शब्द, चारही न बदलणारे. एक बैल मेला की सहा, देवालाही कळायचं नाही. मदत जनावरामागे ठरते, तेव्हा कुणी अर्ज असा लिहिला तर टेबलापलीकडचा माणूस आधी हेच विचारणार. अर्जात, पंचनाम्याच्या माहितीत आकडा अंकी आणि अक्षरी लिहितात तो काही उगीच नाही.

स्वतःचं वाक्य तपासायचं असेल तर मी एक साधी युक्ती करतो. बैलाच्या जागी मनातल्या मनात रेडा घालतो. ‘शेतकऱ्याचा रेडा’ म्हणायचं आहे की ‘शेतकऱ्याचे रेडे’? रेडे म्हणायचं असेल तर ‘चे’. मग रेडा काढून बैल परत आणतो.

‘तालुक्यातील शाळा बंद’

हाच घोळ स्त्रीलिंगी शब्दांत होतो, पण कमी शब्दांत. गाय-गाई, विहीर-विहिरी, बँक-बँका, हे बदलतात. पण ‘आ’ने संपणारे शाळा, सभा, भाषा, दिशा हे शब्द बदलत नाहीत. एक शाळा, पन्नास शाळा. इथेही चा-ची सांगतात : गावाची शाळा म्हणजे एक, गावाच्या शाळा म्हणजे जास्त.

पण आम्हा बातम्या लिहिणाऱ्यांना एक खोड आहे. आम्ही ‘तालुक्यातली’ लिहीत नाही, ‘तालुक्यातील’ लिहितो. छापील वाटतं म्हणून. तातला-तातली-तातल्या हे रूप चा-ची-च्यासारखं बदलतं. ‘तालुक्यातली शाळा बंद’ म्हटलं की एक शाळा. ‘तालुक्यातल्या शाळा बंद’ म्हटलं की अनेक. ‘तील’ मात्र दगडासारखा. तालुक्यातील बैल, तालुक्यातील गाय, तालुक्यातील शाळा, सगळीकडे तोच. त्यामुळे ‘तालुक्यातील शाळा आज बंद’ असा मथळा पावसाच्या दिवशी फिरला की ओढ्याकाठच्या एकाच शाळेत पाणी शिरलेलं असलं, तरी बाकीच्या गावांतले आईबाप पोरांना घरी ठेवतात. ज्याने लिहिलं तो खोटं बोललेला नसतो. त्याने संख्या सांगणारी एकुलती एक जागा न बदलणाऱ्या शब्दाने भरलेली असते.

‘गावातील’, ‘शेतातील’, ‘घरातील’ सगळ्यांना हेच लागू. मी तर आता मथळ्यात सरळ ‘तल्या’, ‘तली’ वापरतो. कुणी म्हणेल भाषा गावठी झाली. होऊ दे. कळतंय ना?

पिसाळलेले कुत्रे : किती?

सगळ्यात चकवणारा प्रकार हा. आणि इथे चूक लिहिणाऱ्याची नाही, लिपीत रूपंच सारखी दिसतात.

कुत्रा पुरुषलिंगी, त्याचं अनेकवचन कुत्रे. पण आपण नपुंसकलिंगीही म्हणतो : ते कुत्रं. हे ‘कुत्रं’ छापील भाषेत लिहिताना ‘कुत्रे’ होतं. म्हणजे लिहिलेला ‘कुत्रे’ हा शब्द एक कुत्रंही असू शकतो आणि पाच कुत्रेही. विशेषणाची मदत घ्यावी तर तेही तसंच : बोलण्यातलं ‘पिसाळलेलं’ लिहिताना ‘पिसाळलेले’ होतं, आणि अनेक कुत्र्यांचंही ‘पिसाळलेले’च. क्रियापदाकडे बघावं तर ‘कुत्रे गावात आले’ हे एकालाही चालतं आणि अनेकांनाही.

‘सावधान, गावात पिसाळलेले कुत्रे आले’ असा मेसेज आला की वाचणाऱ्याने काय समजायचं? एक असेल तर गावकरी त्याला शोधून, कोंडून, मोकळे होतील. टोळी असेल तर एक कोंडलं म्हणून पोरांना अंगणात सोडणं धोक्याचं.

‘कुत्री’ लिहिलं तरी सुटका नाही. ती कुत्री, म्हणजे एक मादी. ती कुत्री, म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन, पुष्कळ कुत्री. ‘पिसाळलेली कुत्री आली’ दोघांनाही तंतोतंत लागू.

आपल्या आजोबांच्या वेळच्या पुस्तकांत ही अडचण नव्हती. तेव्हा नपुंसकलिंगी रूपावर शेवटी अनुस्वार द्यायचे. ‘पिसाळलेलें कुत्रें’ म्हणजे एक कुत्रं. ‘पिसाळलेले कुत्रे’, बिनटिंबाचं, म्हणजे अनेक कुत्रे. ‘काळीं वासरें’ म्हणजे अनेक वासरं, ‘काळी गाय’ बिनटिंबाची. जुनी पोथी किंवा जुना दस्त घरात असेल तर काढून बघा, शब्दांच्या डोक्यावर टिंबांची रास दिसेल. पुढे मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम नव्याने ठरवले आणि १९६२ साली राज्य सरकारने ते स्वीकारले. ज्या अनुस्वारांचा उच्चार होत नाही ते काढून टाकले गेले. लिहिणं सोपं झालं हे खरं, कारण कुठे टिंब द्यायचं हे शिकलेल्यांनाही पाठ करावं लागायचं. पण एक आणि अनेक यांना वेगळं दाखवणारी खूणही त्याबरोबर गेली.

म्हणून इशाऱ्याचा मेसेज असेल तेव्हा बोलतो तसंच लिहावं : ‘पिसाळलेलं कुत्रं’. ‘लं’ आणि ‘त्रं’ दिसले की एकच. किंवा वाक्य पुरं करावं. ‘आले आहे’ म्हणजे एक, ‘आले आहेत’ म्हणजे अनेक. शेवटच्या ‘त’ने प्रश्न मिटतो.

भावाची जमीन, भावांची जमीन

आतापर्यंत ‘चा’च्या पुढची वस्तू बघितली. मागचा मालक एक की अनेक, हे कुठे दिसतं? ते ‘चा’च्या आधीच्या टिंबात. भावाची जमीन म्हणजे भाऊ एक, जमीन एक. भावांची जमीन म्हणजे भाऊ अनेक, जमीन एक, सामाईक. भावाच्या जमिनी म्हणजे भाऊ एक, जमिनी अनेक. भावांच्या जमिनी म्हणजे दोन्हीकडे अनेक. एवढ्याशा जागेत मराठी दोन हिशेब एकदम सांगते : टिंब मालकांचा, आणि ची-च्या वस्तूचा.

मोबाईलवर लिहिताना सगळ्यात जास्त गळतं ते हेच टिंब. ‘सदर विहीर माझ्या भावाची आहे’ आणि ‘सदर विहीर माझ्या भावांची आहे’. एका टिंबाने एकाची विहीर तिघांची होते, किंवा तिघांची एकाची. सहीच्या आधी अर्ज वाचताना मी आता बोट ठेवून टिंबं बघतो.

पण टिंबावरही डोळे झाकून विसंबता येत नाही, कारण आपण मान देतानाही अनेकवचनच वापरतो. ‘वडिलांची जमीन’ म्हटलं म्हणजे वडील काही चार नसतात. ‘त्यांचे भाऊ आले’ यात भाऊ एक, पण वयाने मोठे म्हणून ‘चे’ आणि ‘आले’ असू शकतं, किंवा खरंच तिघे भाऊ आलेले असू शकतात. आपण बोलतो तेव्हा समोरच्याला माणसं माहीत असतात, म्हणून अडत नाही. वारसाच्या अर्जात ‘मयताचे भाऊ’ एवढंच लिहून भागत नाही. तिथे किती भाऊ ते लिहायचं आणि प्रत्येकाचं नाव लिहायचं.

आणखी एक. वस्तूला स्वतःला प्रत्यय लागला, किंवा तिच्यापुढे ‘वर’, ‘खाली’, ‘जवळ’ असं काही आलं, की सगळी रूपं गुंडाळून ‘च्या’ होतात. भावाचा बैल, पण भावाच्या बैलाला. भावाची गाय, पण भावाच्या गाईला. भावाचं वासरू, पण भावाच्या वासराला. विशेषणही तसंच, काळ्या बैलाला, काळ्या गाईला, काळ्या वासराला. या ठिकाणी ‘च्या’ बघून एक की अनेक ठरवायला जाऊ नका, तो काहीच सांगत नाही. ‘भावाच्या जमिनीवर’ यात ‘च्या’ असला तरी जमीन एकच आहे. अनेक असत्या तर ‘जमिनींवर’ झालं असतं. म्हणजे अशा वेळी खूण पुढे सरकते, वस्तूच्याच टिंबात जाऊन बसते. बैलाला म्हणजे एक, बैलांना म्हणजे अनेक.

गाय व बैल एकाच दावणीला

माझा मथळा चुकला त्यानंतर दोन महिन्यांनी पुरात जनावरं गेल्याची बातमी लिहायची वेळ आली. एका घरची एक गाय आणि दोन बैल गेले होते. मी आधी लिहिलं : ‘शेतकऱ्याची गाय व बैल वाहून गेले’. पाठवायच्या आधी पुन्हा वाचलं. ‘ची’ जवळच्या गाईप्रमाणे झालेली, ते बरोबरच आहे. दोन नामं पुढे आली की आपण पहिल्या, जवळच्या नामाप्रमाणे रूप करतो. पण त्यामुळे बैलाचा हिशेब सांगायला कुणीच उरलं नाही. ‘वाहून गेले’ म्हणावं तर गाय आणि एक बैल मिळूनही ‘गेले’च होणार.

उलट करून बघितलं : ‘शेतकऱ्याचे बैल व गाय वाहून गेले’. आता ‘चे’ बैलांचा झाला, म्हणजे बैल एकाहून जास्त हे कळलं. गाय हा शब्द स्वतःच एकवचनी, गाई असत्या तर गाई लिहिलं असतं. आकडा न घालताही निम्मं काम झालं. विशेषण घालायचं असेल तर तिथेही हीच काळजी. ‘काळे बैल व गाय’ म्हटलं तर गाय काळी आहे की नाही ते कळत नाही. ओळख पटवायची असेल तर ‘काळे बैल व काळी गाय’ असं दोनदा लिहावं लागतं, आणि लिहावंच.

शेवटी मी मथळा पाठवला तो असा : ‘पुरात शेतकऱ्याचे दोन बैल व एक गाय वाहून गेली’. ऑफिसातून विचारणा झाली की ‘गेली’ का, ‘गेले’ का नाही. म्हटलं, क्रियापदाच्या जवळ गाय आहे, म्हणून ‘गेली’. तुम्हाला ‘गेले’ बरं वाटत असेल तर तसं करा, दोन्ही लोक बोलतात. फक्त ‘दोन’ आणि ‘एक’ला हात लावू नका.